रविवारच्या भाषणासाठी

प्रिय आई-बाबा,

रविवारी ज्येष्ठ नागरिक संघात बाबा इयरबड्सवर बोलणार, हे कालच आईकडून कळलं. बाबा, मिनिटं दहाच आहेत, तेव्हा ब्लूटूथ म्हणजे काय यात वेळ घालवू नका. पहिल्यांदा फोनच्या ब्लूटूथच्या यादीत त्यांचं नाव दाबायचं. पुढे डबी उघडली की ते आपोआप जोडले जातात आणि डबीत परत ठेवले की चार्ज होतात. एवढं सांगा आणि डबी सगळ्यांच्या हातात फिरू द्या.

खरा वेळ आवाजाला द्या. दिवाळीत तुम्ही कीर्तन ऐकत होतात आणि शेजारी बसून मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. आवाजाची पट्टी पार शेवटाला होती. तुम्ही म्हणालात, डाव्या कानाने कमी येतंय. मग मी इयरबड तुमच्याच कानांत अदलाबदल करून घालायला सांगितले, तर आता उजवीकडून कमी येऊ लागलं! म्हणजे दोष कानाचा नव्हता, त्या इयरबडची जाळी मळाने बुजली होती. जाळी खाली धरून कोरड्या, मऊ ब्रशने हलकेच घासली आणि पट्टी अर्ध्यावर आली. पाणी किंवा टाचणी मात्र लावायची नाही. आवाज वाढवण्याआधी जाळी बघायची, हा पहिला उपाय.

जागतिक आरोग्य संघटना 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास सुरक्षित मानते. 90 डेसिबलला जेमतेम 4 तास. घरी डेसिबल कोण मोजणार? म्हणून पट्टी साठ टक्क्यांच्या आत ठेवायची, आणि हातभर अंतरावरचं साधं बोलणं ऐकू यायला हवं. वयाने आधी बारीक, उंच स्वर जातात, त्यामुळे ‘स’, ‘श’ पुसट होतात. आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, असं होत असेल तर पट्टी वाढवून उपयोग नाही, कानाच्या डॉक्टरांकडून श्रवणचाचणी करून घ्यायला सांगा. इयरबड काढल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तरीही.

एक बाजू अगदीच मुकी झाली तर बहुधा ती चार्जच झालेली नसते. तिचे आणि डबीतले धातूचे ठिपके कोरड्या कापडाने पुसायचे, दोन्ही डबीत ठेवून झाकण लावायचं आणि दहा मिनिटांनी बघायचं.

तिसरी तक्रार तुमची नेहमीची, जोडलेच जात नाहीत. तेव्हा ते आईच्या फोनला जाऊन बसलेले असतात. त्या फोनचं ब्लूटूथ बंद केलं की झालं. तरीही अडलं, तर यादीतून नाव काढून पुन्हा जोडा.

आई, रविवारी तू पुढेच बसशील, म्हणून तुझं ब्लूटूथ घरूनच बंद करून जा.

तुमची,
ताई