बैठकीतला मूड आणि बोनसची वाटणी

‘नकारात्मक सहकाऱ्यांपासून दूर राहा’ हा रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्यातला सल्ला अपुरा वाटतो, कारण दुसऱ्याचा मूड आपल्याला लागला हे बहुतेकदा कळतच नाही. कामाच्या ठिकाणच्या भावनांचा अभ्यास करणाऱ्या संशोधक सिगल बार्सेड यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 94 विद्यार्थी लहान गटांत बसून ठरावीक बोनस निधी कर्मचाऱ्यांत वाटत होते. प्रत्येक गटात नाट्यशिक्षण घेतलेला एक जण आधी ठरवलेला मूड वठवत होता. तो प्रसन्न असलेल्या गटांत सहकार्य वाढले, वाद कमी झाले. सहभागींनी मात्र गटाच्या कामगिरीचे श्रेय स्वतःच्या कौशल्यांना दिले. मूडचा वाटा त्यांच्या लक्षातच आला नाही. हा अल्पकालीन प्रयोग होता, त्यामुळे वर्षानुवर्षे एकत्र काम करणाऱ्यांना तो जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही पगारवाढ किंवा मूल्यमापनाच्या बैठकीत प्रत्येकाने आपले आकडे चर्चेआधीच लिहून द्यावेत, असा नियम कार्यालयांनी करायला हवा. चर्चेनंतर कोणी आकडा बदलला, तर त्याचे कारणही लिहून घ्यावे. नवा मुद्दा पुढे आला नसताना सगळ्यांचे आकडे एकाच दिशेने सरकले असतील, तर निर्णय दुसऱ्या दिवसावर ढकलावा.

– एक वाचक, पुणे