ऐकू येतं, पण आवाज पोहोचत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील गच्चीवर चढून ऑनलाइन वर्गाला बसणाऱ्या मुलीची कथा वाचली. पानशेतच्या मागच्या खोऱ्यातलं गाव, २०२० सालचा पावसाळा, टॉवर डोंगरापलीकडे. सरांचं शिकवणं तिला ऐकू येतं, मात्र तिची ‘हजर सर’ त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही आणि गैरहजेरी लागते. त्यावर एका वाचकाने लिहिलं होतं की हा प्रसंग ओढूनताणून आणलेला आहे. ऐकू येतं तर बोलणं का जाणार नाही? मी दूरसंचार खात्यात नोकरी केली आहे. कथेतली सर्वांत खरी गोष्ट तीच आहे.

टॉवरवरचा संच साधारण २० ते ४० वॅट ताकदीने बोलतो. हातातला ४जी फोन जेमतेम ०.२ वॅटने. टॉवरचे कान तिखट असतात खरे, तरी कडेच्या गावांत आधी तुटते ती फोनकडून टॉवरकडे जाणारी बाजू. फोनवरच्या दांड्या मात्र टॉवरचा आवाज आपल्याकडे किती येतो तेवढंच दाखवतात, आपला तिकडे किती जातो ते नाही. म्हणून दोन दांड्या दिसत असूनही पोरगी मुकीच राहते. त्यात थेट बोलण्यातला वाटेत हरवलेला तुकडा सहसा पुन्हा पाठवला जात नाही, कारण तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. लेखी निरोपाचं तसं नाही. तो पोहोचेपर्यंत फोन पुन्हापुन्हा पाठवत राहतो. सरांनी हजेरी चॅटमध्ये लिहून घेतली असती, तर ती उशिरा का होईना लागली असती. (मग कथा कशी झाली असती, हा भाग वेगळा.)

मुलगी कठड्यापाशी वीतभर सरकते आणि आवाज स्वच्छ होतो, हेही बरोबर आहे. डोंगरांवर आपटून आलेल्या लहरी कुठे एकमेकींना मारतात, कुठे साथ देतात. ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, त्यामुळे अर्ध्या वितीतही फरक पडतो.

लेखक चुकले ते शेवटी. पाऊस येतो, मुलगी गच्चीवरच्या चारही बाजूंनी पत्रा ठोकलेल्या खोलीत शिरते आणि वर्ग निर्वेध चालू राहतो. तिथे तो बंदच पडायचा. मोबाइलच्या लहरी पावसाला फारशा जुमानत नाहीत. पत्रा त्यांना जवळजवळ अडवतोच. तिच्या हातात छत्री देऊन तिला कठड्यापाशीच उभं ठेवायला हवं होतं. कथा पुस्तकात घेताना एवढा परिच्छेद लेखकांनी बदलावा.

आपला,
एक निवृत्त दूरसंचार कर्मचारी,
कोथरूड, पुणे