विषय: रशियन प्रसिद्धिपत्रकातली चुकीची विरामचिन्हं, दुसऱ्यांदा

व्यवस्थापक, भाषांतर विभाग

आज सकाळी तुमच्या माणसाशी बोलणं झालं, म्हणून आता लेखी देते.

आमच्या पंपांचं रशियन प्रसिद्धिपत्रक तुम्ही दिलंत. त्यातल्या पहिल्या वाक्याची सुरुवात अशी होती (वितरकाचं नाव बदललं आहे):

```
ООО "Торговый дом "Ромашка" - партнёр
```

अवतरणचिन्ह दोनदा उघडलं आणि एकदाच बंद झालं. सरळ चिन्ह उघडतं की बंद होतं, हे दिसतच नाही, म्हणून नाव कुठे संपलं ते कळत नाही. छापील रशियनमध्ये बाहेर «योलच्की» आणि आतल्या नावाला „लाप्की“ लागतात:

```
ООО «Торговый дом „Ромашка“» — партнёр
```

आता ती रेघ. रशियनमध्ये वर्तमानकाळात ‘आहे’ लिहीत नाहीत. दोन नामांच्या मध्ये त्याची जागा लांब रेघ घेते, तिला तिरे म्हणतात. छोटी रेघ म्हणजे डेफिस. ती शब्द जोडते. एक तोडते, एक जोडते, आणि तुम्ही सगळीकडे जोडणारीच टाकलीत. हे तुमच्या रशियन विभागाला मी सांगावं लागतं?

तक्रार केल्यावर दुसरी फाईल आली. कुणीतरी सगळ्या छोट्या रेघा एका फटक्यात लांब केल्या होत्या. Санкт-Петербург चं Санкт—Петербург झालं! जिच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा आहे तेवढीच रेघ बदलायची होती. अवतरणचिन्हं तर होती तशीच.

आणि आजचा फोन. मी शांतपणे चूक सांगितली. तुमचा माणूस म्हणाला, “मॅडम, अर्थ बरोबर आहे ना? मग?” मी म्हटलं, हे पत्रकारांना जाणार आहे. तो म्हणाला, “रशियन कीबोर्डवर ती चिन्हंच नसतात.” कळीवर नसतात, हे खरं आहे. पण विंडोजच्या वर्डमध्ये Alt दाबून आकड्यांच्या पॅडवर 0151 टाइप केलं की तिरे येते, 0171 आणि 0187 ने योलच्की. मी हे सांगत असताना तो मध्येच म्हणाला, “तुम्हाला रशियन येतं का? नाही ना? मग आमच्यावर सोडा.” मी पुण्यात दोन वर्षं रशियन शिकले आहे. आणि शिकले नसते तरी पैसे भरणाऱ्या माणसाशी असं बोलतात का?

पीटर्सबर्गच्या आमच्या वितरकाने ते पत्रक उघडताच विचारलं, “हे कुणी घाईत टाइप केलंय का?” तीन वर्षं तुमच्याकडे काम देतोय, म्हणून ते वाक्य जास्त लागलं. चूक तुमची, मान खाली आमची.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सुधारलेली फाईल हवी. प्रत्येक रेघ आणि प्रत्येक अवतरणचिन्ह माणसाने डोळ्यांनी तपासलेलं हवं, आणि तिरेच्या आधी न तुटणारी मोकळी जागा हवी, म्हणजे ओळ रेघेने सुरू होणार नाही. नाही आली तर उरलेलं बिल देणार नाही, आणि पुढच्या माहितीपुस्तिकेचं काम दुसरीकडे जाईल.

निर्यात विभाग, नाशिक