शेवटचे पंधरा दिवस

मु. पो. दारव्हा
रविवार, रात्री

प्रिय गड्या,

तुझा मेसेज पाहिला, "पाय दगडासारखे झाले, फिटनेस गेला वाटते, उद्या तीस किलोमीटर मारू का?" फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून सविस्तर लिहितो. नको मारू, अजिबात नको. आता केलेल्या लाँग रनचा फायदा शरीरात उतरायला दोन-तीन आठवडे तरी लागतात, म्हणजे मुंबई मॅरेथॉनच्या दिवशी तुझ्या हाती फायदा काहीच येणार नाही, थकवा तेवढा येईल.

पण याचा अर्थ बसून राहा असाही नाही. मागच्या वर्षी मी तेच केलं, शेवटचे दहा दिवस बूटच काढले नाहीत कपाटातून. स्टार्टला उभा राहिलो तर पाय आपले वाटतच नव्हते, पहिले आठ किलोमीटर नुसता श्वास जुळवण्यात गेले. काहून झालं ते मागाहून कळलं. पूर्ण थांबलं की थोड्याच दिवसांत रक्तातलं पाणी कमी व्हायला लागते, मग त्याच स्पीडला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात, आणि पायालाही तो ताल आठवत नाही. म्हणून कमी करायचं ते अंतर, स्पीड नाही, आणि दिवसही फार नाही.

तुझं आठवड्याला पाच दिवस मिळून साठ किलोमीटर चालू होतं ना. या आठवड्यात पाचच दिवस पळ पण ६, ८, ५, ५ आणि रविवारी १२, म्हणजे ३६ झाले. पुढच्या आठवड्यात रेसच्या आधी चारच दिवस, ६, ६, ४ आणि शनिवारी ३.

त्यातला बुधवारचा आठ किलोमीटरचा रन सगळ्यात महत्त्वाचा. कालव्याच्या रस्त्यावर दोन किलोमीटर आरामात जा, मग एकेक किलोमीटर चार वेळा ५:४० मिनिटांनी, मधे दोन मिनिटं हळू जॉग, उरलेलं सावकाश. तुला चार तासांत संपवायची आहे, तर ५:४० हाच तुझा रेस पेस. पाय ताजे होतील तसे घड्याळात ५:१५ दिसेल आणि मजा वाटेल, तिथंच आवरायचं, कारण त्या स्पीडचं पायात साचलेलं दुखणं रेसच्या दिवशी निघते. पुढच्या मंगळवारी हेच, पण तीनच वेळा. बाकी दोन सोप्या दिवशी आणि शनिवारी शेवटी वीस-वीस सेकंदाच्या चार मोकळ्या धावा मार, मधे पूर्ण दम खाऊन. स्प्रिंट नाही, फक्त पाय झटपट उचलायचे. सुस्ती घालवायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

आता ते जड पायाचं. पळणं कमी झालं की स्नायू साखर साठवतात आणि प्रत्येक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात, त्यामुळे चक्कीवरच्या काट्यावर किलो-दीड किलो वाढलेलं दिसेल. घाबरून जेवण तोडू नको बाप्पा, तेच तुझं तीस किलोमीटरनंतरचं इंधन आहे. ओळखायचं असं की पहिला किलोमीटर जड आणि तिसरा-चौथा मोकळा वाटला तर ते टेपरचं, म्हणजे रेसआधी पळणं कमी केल्याचंच आहे. चौथाही तसाच जड गेला, आणि सकाळी उठल्या उठल्या नाडी रोजच्यापेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त लागत असेल तर शरीर कशाशी तरी लढतंय, मग तो दिवस सरळ सोडून दे. दुखणं आज गुडघ्यात, उद्या पोटरीत असं फिरत असेल तर त्याच्याकडे लक्ष देऊ नको, पण एकाच जागी बोट ठेवता येते आणि पळताना वाढते, तर दाखवून घे.

खरी भीती मला तुझ्या शेताची आहे. हरभऱ्याचं ओलित चालू, त्यात रात्रीची लाईन, बारा ते पहाटपर्यंत चिखलात उभं राहून थंडीत नाके फोडायचे आणि सकाळी म्हणायचं की आज फक्त पाच किलोमीटर पळलो! ते पण पायावरचंच काम आहे गड्या, आणि वर झोप गेली ते वेगळंच. तुरीच्या पोत्यांचं तसंच. निदान शेवटचे सहा दिवस रात्रीचं ओलित भाऊला सांग, त्याच्या बदल्यात फेब्रुवारीत मी येतो गव्हाच्या पाण्याला दोन रात्री, शब्द देतो.

जेवण नेहमीचंच ठेव, फक्त शेवटचे दोन दिवस भाकरीऐवजी भात-पोळी जास्त, हरभऱ्याची भाजी आणि ठेचा बंद, वहिनीला आधीच सांगून ठेव.

शुक्रवारी बडनेऱ्याला भेटू, मी गाडीच्या तासभर आधी येतो. आणि बुधवारी रन झाला की चारही किलोमीटरचे टाईम पाठव, चौथा कसा वाटला तेही लिही.

तुझाच,
बंड्या