हिशेब मागणे म्हणजे पूजेत हात घालणे नव्हे

महोदय,

देवस्थानांच्या कारभारावर आपल्या वाचकपत्रांतून सुरू असलेली चर्चा मी नेमाने वाचतो आहे. त्यात एक मुद्दा वेगवेगळ्या तोंडांनी पुन्हा पुन्हा येतो. राज्य धर्मनिरपेक्ष असेल तर त्याने धर्मापासून चार हात लांब राहावे. मग धर्मादाय आयुक्त देवळाकडे हिशेब कोणत्या अधिकाराने मागतात? प्रश्न प्रामाणिक आहे. मात्र तो विचारताना आपण नकळत अमेरिकेची राज्यघटना डोळ्यांसमोर ठेवतो आणि उत्तराची अपेक्षा भारताच्या घटनेकडून करतो. विश्वस्त संस्थांचे हिशेब तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, म्हणून याबद्दल थोडे सविस्तर लिहावेसे वाटले.

राज्य आणि धर्म यांच्यात भिंत असावी, ही कल्पना अमेरिकेत किती कडक होती ते 1962 च्या एका निकालावरून कळते. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने शाळांसाठी एक छोटी प्रार्थना तयार केली होती. तिच्यात कोणत्याही एका धर्माचे नाव नव्हते, फक्त ईश्वराला उद्देशून विनंती होती, आणि ज्या मुलाला म्हणायची नसेल त्याला गप्प राहण्याची मुभाही होती. तरी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. सर्व धर्मांना सारखी असली म्हणून काय झाले, प्रार्थना रचणे हे सरकारचे कामच नव्हे, असा त्यामागचा विचार होता. पैशाच्या बाबतीतही तिकडे हाच दुरावा दिसतो. इतर धर्मादाय संस्थांना आयकर खात्याकडे दरवर्षी जे माहितीपत्रक भरावे लागते, त्यातून चर्चना सूट आहे.

आपल्या घटना समितीपुढेही असा रस्ता आला होता. डिसेंबर 1948 मध्ये प्रा. के. टी. शहा यांनी दुरुस्ती मांडली की, भारतीय राज्याचा कोणत्याही धर्माशी, पंथाशी संबंध राहणार नाही आणि धर्माच्या बाबतीत ते पूर्ण तटस्थ राहील, असे घटनेत स्पष्ट लिहावे. समितीने ती फेटाळली. याचा अर्थ समितीला धर्मराज्य हवे होते असा काढणे चुकीचे ठरेल. ज्या देशात देवळाची दारे काही जातींना बंद होती, तिथे राज्याने धर्माशी संबंधच ठेवायचा नाही असे ठरवले असते तर ती दारे कायद्याने उघडता आली नसती. म्हणून अनुच्छेद 25 मध्ये धर्मस्वातंत्र्य दिले आणि त्याच अनुच्छेदात धर्माशी जोडलेल्या आर्थिक व इतर लौकिक व्यवहारांचे नियमन करण्याचा, सामाजिक सुधारणेचा आणि सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवस्थाने सर्व हिंदूंना खुली करण्याचा अधिकार राज्याकडे ठेवला. ही सगळी रचना 1950 पासूनची आहे. उद्देशिकेत 1976 साली ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द घालणाऱ्या दुरुस्तीने तिच्यात काही बदल झाला नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अनुच्छेद 26 चे दोन खंड शेजारी ठेवून वाचावेत. एक खंड सांगतो की, प्रत्येक संप्रदायाला धर्माच्या बाबतीतला आपला कारभार स्वतः पाहण्याचा हक्क आहे; तिथे कायद्याची अट नाही. दुसरा खंड संपत्तीचा आहे, आणि संप्रदायाने तिचा कारभार ‘कायद्यानुसार’ करावा असे तो सांगतो. आपल्या घटनेने रेषा ओढली ती इथे. ती राज्य आणि देऊळ यांच्यामधून जात नाही. देवळाच्या आतून, गाभारा आणि कचेरी यांच्यामधून जाते.

ही रेषा नेमकी कुठे पडते, हे ज्या खटल्यात ठरले तो आपल्याच राज्याचा आहे. मुंबई राज्याने 1950 साली सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा केला. त्याला एका जैन मंदिराच्या व्यवस्थापकांनी आणि पारशी पंचायतीच्या विश्वस्तांनी आव्हान दिले. रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य या नावाने हा निकाल ओळखला जातो. सर्वोच्च न्यायालयाने तो 18 मार्च 1954 रोजी दिला. त्याच्या दोनच दिवस आधी मद्रासच्या अशाच कायद्यावरचा, शिरूर मठाचा निकाल लागला होता. दोन्ही निकाल न्या. बी. के. मुखर्जी यांनी लिहिले आणि दोन्ही एकत्र वाचले तरच त्यांची मांडणी नीट समजते.

मुंबईच्या कायद्यातली नोंदणी, हिशेब आणि लेखापरीक्षण ही चौकट न्यायालयाने कायम ठेवली. अधिकाऱ्याला विश्वस्तव्यवस्थेच्या जागेत तपासणीसाठी जाण्याचा अधिकारही टिकला, कारण आधी वाजवी सूचना द्यावी आणि तिथल्या धार्मिक रीतिरिवाजांचा मान राखावा, असे कायद्यातच लिहिले होते. मद्रासच्या कायद्यात अशी काळजी घेतलेली नव्हती. मठात केव्हाही, कुठेही शिरण्याची मोकळीक होती, म्हणून ते कलम पडले. विश्वस्तसंस्थांकडून घेतल्या जाणाऱ्या अंशदानाचेही तसेच. मुंबईत ते वेगळ्या निधीत जमा होऊन या कारभारावरच खर्च होत असल्याने शुल्क ठरले आणि वैध राहिले. मद्रासमध्ये ते कर ठरले आणि राज्याला तसा कर बसवण्याचा अधिकार नसल्याने रद्द झाले. दोन्ही ठिकाणी न्यायालयाने एक गोष्ट स्पष्ट केली. एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठी कर नको, असे अनुच्छेद 27 म्हणतो. देवस्थानाचा पैसा नीट सांभाळला जातो की नाही हे पाहण्याचा खर्च म्हणजे धर्माचे संवर्धन नव्हे.

पण मुंबईचा कायदा सगळाच्या सगळा तगला नाही, आणि हा भाग आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. खुद्द धर्मादाय आयुक्ताचीच एखाद्या धार्मिक संस्थेचा एकमेव विश्वस्त म्हणून नेमणूक करता येईल, ही तरतूद न्यायालयाने धार्मिक संस्थांपुरती मोडीत काढली. सरकारी अधिकारी मठाचा अधिपती होऊन बसला तर धर्मकार्यात हस्तक्षेप होणारच, असे न्यायालयाचे म्हणणे होते. धार्मिक कारणासाठी दिलेला पैसा, ते कारण जिवंत असताना, न्यायालयाला वा आयुक्ताला योग्य वाटलेल्या दुसऱ्या कामाकडे वळवण्याची तरतूदही टिकली नाही. भाविकाने नंदादीपासाठी दिलेले दान दुसरे काम अधिक उपयुक्त आहे म्हणून तिकडे नेता येत नाही. राज्य पहारेकरी होऊ शकते, धनी होऊ शकत नाही, असे मी या निकालाचे सार समजतो.

ही रेषा रोजच्या कामात कशी दिसते, तेही सांगतो. आर्थिक वर्ष संपले की विश्वस्त मंडळाला ताळेबंद परिशिष्ट आठमध्ये आणि उत्पन्न-खर्चाचे पत्रक परिशिष्ट नऊमध्ये द्यावे लागते. संस्थेच्या उद्दिष्टांवरच्या खर्चासाठी परिशिष्ट नऊमध्ये पाच ओळी आहेत: धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबी निवारण आणि इतर धर्मादाय. देऊळ असो, चर्च असो, अग्यारी असो वा रुग्णालय चालवणारी संस्था, नमुना हाच. ‘धार्मिक’ या ओळीत आम्ही एक रक्कम लिहितो. अभिषेक किती केले, कोणत्या विधीने केले, पुरोहित कोण होता, हे त्या कागदावर कुठेही विचारलेले नाही. पावती पुस्तकांचे क्रमांक, दानपेटी उघडतानाचा पंचनामा, दागिन्यांची यादी आणि बँकेचा मेळ मात्र आम्ही पाहतो. देवस्थानाची जमीन विकायची असेल किंवा शेतजमीन दहा वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची असेल, तर याच 1950 च्या कायद्याच्या कलम 36 खाली आधी परवानगी लागते. शेती नसलेल्या जमिनीसाठी आणि इमारतीसाठी ही मुदत तीन वर्षांची. देवळाची इनाम जमीन कवडीमोलाने नातेवाइकाच्या नावावर जाऊ नये म्हणून हे कलम आहे. ते नसते तर किती देवस्थानांकडे आज नुसता कळस उरला असता, याची कल्पना या कामात असलेल्या कोणालाही येईल.

याचा अर्थ सध्या सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. मला खरी चिंता दोन ठिकाणी वाटते. पहिली, खास कायदा करून शासननियुक्त समितीकडे दिलेल्या देवस्थानांची. पंढरपूरच्या 1973 च्या कायद्याने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपवले आणि 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते पाऊल मान्य केले. वारकऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या तक्रारी लक्षात घेता मला ते योग्यच वाटते. पण त्याच वर्षी चिदंबरमच्या नटराज मंदिराच्या खटल्यात त्याच न्यायालयाने बजावले की, गैरकारभार दूर करण्यासाठी राज्याने ताबा घेतला तर तो गैरकारभार दूर होईपर्यंतच असावा. कायम मांडी ठोकून बसता येणार नाही. नेमणुका राजकीय सोयीने होतात, मुदत संपलेल्या समित्या तशाच चालू राहतात किंवा देवस्थानाच्या शिलकीवर सरकारी योजनांचा डोळा असतो, तेव्हा राज्य पहारेकऱ्याचा धनी होऊ लागते. अशा वेळी रतिलाल निकालाचा आधार घेऊन न्यायालयात जाणाऱ्या भाविकाच्या मागे मी उभा राहीन.

दुसरी चिंता समान वागणुकीची. वक्फ मालमत्तांसाठी 1995 चा वेगळा केंद्रीय कायदा आणि वेगळे मंडळ आहे. निरनिराळ्या धर्मांच्या संपत्तीसाठी निरनिराळे कायदे असणे घटनेला मान्य आहे. पण हिशेब तपासण्याची कसोटी, जमीन विकण्यावरचे निर्बंध आणि गैरव्यवहार सापडल्यावरची कारवाई सगळीकडे सारख्याच कडकपणे व्हायला हवी. एका ठिकाणी डोळ्यांत तेल घालून पाहायचे आणि दुसरीकडे काणाडोळा करायचा, तर तटस्थता राहत नाही. मग तो काणाडोळा देवळाच्या बाजूने असो की दर्ग्याच्या.

म्हणून ‘सरकार, देवळातून बाहेर हो’ ही मागणी मला सरसकट पटत नाही. आयुक्त कार्यालयात हिशेब दाखल करण्याची सक्ती राहू द्यावी. शासननियुक्त समित्यांना मात्र कायद्याने मुदत घालावी, समितीच्या सदस्यांच्या नेमणुकीचे निकष जाहीर करावेत आणि प्रत्येक मोठ्या देवस्थानाचे परिशिष्ट आठ व नऊ दर्शनी फलकावर मराठीत लावणे बंधनकारक करावे. दान देणाऱ्याला ते वाचण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागू नये.

– एक सनदी लेखापाल, सांगली