विषय : किर्दीच्या फोटोंवरून केलेल्या नोंदींत तारखा उलटल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

म्हापशाच्या बाजारात आमचं भुसारी दुकान आहे. एप्रिल ते सप्टेंबर 2024 ची आमची हाताने लिहिलेली किर्द आम्ही पानापानाचे फोटो काढून तुमच्याकडे दिली. त्यावरून तारीख, खात्याचं नाव आणि रक्कम अशी एक्सेल फाइल करून ती टॅलीत चढवून देणं हे तुमचं काम होतं. काम झालं, पैसे दिले. आता आमचे सीए म्हणतात की एप्रिलची विक्री भरलेल्या जीएसटी रिटर्नशी जुळत नाही.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आमच्या किर्दीत तारीख आधी दिवस, मग महिना अशी असते. ज्या संगणकावर ही फाइल टाइप झाली, तिथे एक्सेल आधी महिना धरत असणार. त्यामुळे 9/4/2024 म्हणजे 9 एप्रिल, ते झालं 4 सप्टेंबर. दिवस 12 किंवा त्याखाली असेल तर एक्सेल मुकाट्याने उलटी तारीख मान्य करतं. तेरावा महिनाच नसल्यामुळे 13 पासून पुढच्या तारखा नुसता मजकूर म्हणून राहतात आणि उलटण्यापासून वाचतात. तुमचीच फाइल उघडून पाहा : तारखेच्या रकान्यात काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या आहेत, काही डावीकडे. उजवीकडच्या एक्सेलने तारीख म्हणून घेतलेल्या, डावीकडचा मजकूर. एकाच रकान्यात दोन्ही दिसले की टाइप करणाऱ्याने तिथेच थांबायला हवं होतं.

9 एप्रिलला पाडवा होता. त्या दिवसाची आमची रोख विक्री 38,450 रुपये. ती टॅलीत 4 सप्टेंबरला जाऊन बसली. चवथ होती 7 सप्टेंबरला, तेव्हा त्या आठवड्यात विक्री मोठी असणारच, म्हणून कोणाला संशय आला नाही. इकडे एप्रिलमध्ये 5 ते 12 तारखांची जमा गायब. 15 एप्रिलला आम्ही बँकेत 45,000 भरले, ती नोंद मात्र जागेवर राहिली. परिणामी टॅलीत त्या दिवशीची रोख शिल्लक उणे दिसते. गल्ल्यात पैसे संपू शकतात, उणे होऊ शकत नाहीत.

दर महिन्याच्या 1 ते 3 तारखांच्या नोंदी उलटून जानेवारी ते मार्च 2024 मध्ये गेल्या. आमची टॅलीतली वह्यांची सुरुवात 1 एप्रिलची, म्हणून त्या घेतल्याच गेल्या नाहीत. हा सरळ इशारा होता. तुमच्या माणसाने त्या सगळ्या 1 एप्रिलच्या तारखेत कोंबल्या! फोनवर विचारलं तर उत्तर मिळालं, ‘तेरीज जुळते ना?’ जुळणारच. नावे आणि जमा दोन्ही एकाच चुकीच्या दिवशी पडले की तेरीज काही बोलत नाही. सप्टेंबरपर्यंतची किर्द दिलेली असताना ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरमध्ये 4 ते 9 तारखांनाच नोंदी का आहेत, हे मात्र कोणी पाहिलं नाही.

खात्यांच्या नावांबद्दलही सांगतो. आमच्याकडे ‘नाईक, पर्रा’ आणि ‘नाईक, शिवोली’ ही दोन वेगळी उधारीची खाती आहेत. गावाचं नाव पुसून तुम्ही दोघांना एकाच ‘नाईक’ खात्यात घातलंत. शिवोलीकरांनी भरलेले पैसे आता पर्ऱ्याच्या उधारीतून वजा दिसतात. शिवाय आमचे अंक देवनागरी आहेत. १,२४० चं कोणीतरी 9,240 केलं आहे, कारण हाताने लिहिलेला १ इंग्रजी 9 सारखा दिसतो. पण प्रत्येक पानाखाली आमची दिवसअखेरची शिल्लक लिहिलेली आहे. ती एका रकान्यात उतरवून टॅलीच्या रोजच्या शिल्लकेशी ताडून पाहिली असती तर ही चूक त्याच पानावर सापडली असती, आणि तारखांचीही.

तेव्हा काम नव्याने, विनामूल्य करून द्यावं. आधी चढवण्यापूर्वीचा बॅकअप परत लावावा. आहे त्याच्यावर पुन्हा फाइल चढवली तर नोंदी दुहेरी होतील. तारीख 09-Apr-2024 अशी, महिना अक्षरांत लिहावी. खात्यांची यादी टॅलीतल्या नावांसमोर मांडून आधी आमच्याकडे मंजुरीला पाठवावी, आणि यादीत न सापडलेलं नाव तुमच्या मनाने तयार करू नये. प्रत्येक नोंदीच्या तपशिलात फोटोचा क्रमांक हवा, म्हणजे शंका आली की पान लगेच काढता येईल.

आठ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर दिलेली पूर्ण रक्कम परत मागणार आणि ग्राहक आयोगाकडे जाणार. तुमची मूळ एक्सेल फाइल आणि आमचे फोटो आम्ही जपून ठेवले आहेत.

आपला,
एक ग्राहक, म्हापसा, गोवा