'हीच ती खिडकी' म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या शालेय पुरवणीत आपण कसबा पेठेतल्या हेरिटेज वॉकची संहिता अख्खी पानभर छापलीत आणि वर 'इतर शाळांनीही जरूर वापरावी' अशी शिफारसही केलीत. आपलं अभिनंदन. ही शिफारस करण्याआधी आपल्यापैकी कुणी ती संहिता हातात घेऊन चाळीस पोरांमागून चाललं होतं का, एवढंच विचारायचं आहे. मी चालले आहे. माझ्या नातीच्या सहावीच्या वर्गाला हीच संहिता वाचून फिरवण्यात आलं, आणि 'सोबत एक मोठं माणूस हवं' म्हणून मी शेपटाला होते.

लाल महालापासून सुरुवात झाली. गाईडताईंनी कागद उघडला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "मुलांनो, हीच ती खिडकी! इथूनच शाहिस्तेखान पळाला, आणि इथेच महाराजांनी त्याची बोटं छाटली." पोरं भारावली. एकाने खिडकीच्या कडेवरून हात फिरवला, नखाने जरा खरवडलं आणि म्हणाला, "ताई, पण हे सिमेंट आहे." त्यावर उत्तर काय मिळालं? "प्रश्न शेवटी." आणि शेवटी बसवाल्याने हॉर्न मारला, तेव्हा प्रश्न बसमध्येच बसून घरी गेले.

तो मुलगा शंभर टक्के बरोबर होता. शहाजीराजांनी बांधलेला वाडा केव्हाच नाहीसा झाला. आज दिसतो तो लाल महाल पुणे महानगरपालिकेने बांधला, काम १९८८ साली पुरं झालं. म्हणजे ही इमारत त्या मुलांच्या आईबाबांच्या वयाची. हे सांगायला लाज कसली वाटते? उलट अकरा वर्षांच्या पोराला हे सांगितलं की तो लगेच विचारतो, 'मग खरा कसा होता?' तिथून गोष्ट सुरू करता येते. ५ एप्रिल १६६३ ची रात्र. मुदपाकखान्याच्या भिंतीत पूर्वी एक दार होतं, ते विटांनी बुजवलेलं. महाराजांच्या माणसांनी त्या विटा काढून आत वाट केली. आता पोरांना विचारा, झोपलेल्या माणसांच्या घरात भिंतीतली वीट आवाज न करता कशी काढाल? माझ्या नातीच्या वर्गाला हा प्रश्न मिळाला असता तर पंधरा मिनिटं भांडले असते. त्याऐवजी त्यांना एक खोटी खिडकी मिळाली, आणि ती खोटी आहे हे ज्याने ओळखलं त्याला गप्प बसवण्यात आलं.

संहितेत शनिवारवाड्याला दीड कॉलम दिला आहे. भूमिपूजन १० जानेवारी १७३०, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२, खर्च १६,११० रुपये. आकडे बरोबर आहेत, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. दिल्ली दरवाजासमोर उभं राहून ते वाचून दाखवल्यावर काय झालं ते सांगते. बाईंनी 'लिहून घ्या' म्हटलं आणि चाळीस डोकी वह्यांत खाली गेली. डोक्यावर एवढा मोठा दरवाजा आणि एकही पोर वर बघत नाही! हे आकडे वर्गात फळ्यावर लिहून देता येतात. दरवाजा वर्गात आणता येत नाही.

त्या दरवाजासमोर काय बोलायचं ते दरवाजाच सांगतो. प्रत्येक कवाडावर अणकुचीदार लोखंडी खिळे आहेत, फूट-फूट लांबीचे. मोजायला लावा. नऊ गुणिले आठ अशा रांगांनी बहात्तर भरतात, सहावीच्या पोराला पाढा आठवावा लागतो इतकंच. मग विचारा, एवढ्या उंचीवर खिळे कशाला? माणसाला तर ते लागणारच नाहीत. दोन-तीन चुकीची उत्तरं येऊ द्या. कुणीतरी 'हत्ती!' म्हणून ओरडतंच, कारण खिळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर आहेत. मग उजव्या कवाडातली छोटी दिंडी दाखवा. रोजची ये-जा त्या दिंडीतून, आणि फौज घुसायची म्हटली तर त्यातून घाईने शिरता येणार नाही. मग पोरांना दरवाजातून आत पळवा, अगदी 'शत्रू' बनवून. सरळ धावत येणाऱ्याला आधी उजवीकडे आणि मग डावीकडे वळावं लागतं, रांग मोडते, मागचे पुढच्यांवर आदळतात. आदळले की समजलं. यासाठी संहितेत दोन ओळी पुरतात, त्याही गाईडसाठी. पोरांना ऐकवायच्या नाहीत.

आत गेल्यावर मुलं हमखास विचारतात, 'वाडा कुठे आहे?' कारण आत दिसतात ती फक्त जोती आणि बाग. आपल्या संहितेत याला उत्तर म्हणून एक वाक्य आहे, 'कालौघात वाडा नष्ट झाला.' कालौघात कसला नष्ट झाला? २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली आणि ती सात दिवस धुमसत होती. वाड्याचं वरचं काम सागवानी, ते जळून गेलं. खालचं जोतं, तट आणि दरवाजा दगडाविटांचे, ते राहिले. काय उरलं आणि काय नाही यावरून काय कशाचं होतं हे पोरं स्वतः ओळखू शकतात. लाकूड जुन्नरच्या जंगलातलं, दगड चिंचवडच्या खाणींचा, चुना जेजुरीकडचा. नकाशावर तीन ठिकाणं दाखवली तर बैलगाडीला किती दिवस लागले असतील यावरही तास रंगेल. त्याऐवजी अर्धा कॉलम 'काका, मला वाचवा' आणि अमावास्येच्या किंकाळीला! अहो, मलाही लहानपणी ती गोष्ट आवडायची. पण १७७३ साली अठरा वर्षांच्या पेशव्याचा खून झाला, हे मुळातच पुरेसं भयंकर आहे, त्याला भूत कशाला जोडायचं? त्या दिवशी पुढचा सगळा रस्ता पोरं एकमेकांना मागून धरून किंचाळत होती. गाईडताईंचा कागद वाचणं चालूच.

आणि आता माझ्या रागाचं खरं कारण. तांबट आळी. संहितेत ती सगळ्यात शेवटी आहे, आणि मजकूर असा: 'येथे पूर्वी तांब्या-पितळेची भांडी बनत असत. आज ही कला लोप पावत आहे.' गाईडताई हे वाक्य वाचत होत्या आणि आम्हाला कुणालाच ते ऐकू येत नव्हतं, कारण शेजारच्या दुकानात तांब्यावर हातोडा चालू होता! ताईंनी आवाज चढवला, मग वैतागून त्या कारागिराकडे बघितलं. तो बिचारा हातोडा खाली ठेवून 'लोप पावत' उभा राहिला. मी कसब्यातली माहेरवाशीण. तो आवाज ऐकत मोठी झाले. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

त्या दुकानासमोर पाच मिनिटं गप्प उभं राहणं हीच त्या थांब्याची संहिता आहे. गप्प उभं राहिलं की दिसतं, कारागीर भांडं ऐरणीवर धरून थोडं थोडं फिरवत जातो आणि ठोका शेजारच्या ठोक्याला लागून पडतो. त्याला मठारकाम म्हणतात. ते ठसे नुसते नक्षीचे नाहीत. ठोकून ठोकून पत्रा कडक होतो, भांडं चेपत नाही. पण फार ठोकलं तर तोच पत्रा इतका ताठर होतो की चिरतो, म्हणून मध्येच भांडं भट्टीत तापवून परत मऊ करून घ्यावं लागतं. हे पोरांना हाताने कळतं. तारेचा तुकडा एकाच जागी वाकवून सरळ करायला द्या. काही वेळाने तार तिथे ताठ होते आणि मोडते. एवढ्याने अकरा वर्षांच्या मुलाला धातूचा स्वभाव समजतो, आणि कारागिराने भट्टी का पेटवली तेही समजतं.

मग कल्हई. तांब्याच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून आतून कथलाचा लेप. भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकून आतून घासायचं, पांढरा धूर निघतो, कथील लावायचं आणि लगेच कापसाच्या बोळ्याने फिरवून घ्यायचं. काळं भांडं डोळ्यांदेखत चांदीसारखं होतं. हे दाखवायला कुणी कल्हईवाला मिळाला तर पोरं पेशवाई विसरतील, आणि विसरू देत. धुरापासून मात्र त्यांना चार हात लांब उभं करावं, हेही संहितेत लिहिलं पाहिजे. त्या कागदावर तारखांच्या ओळी भरपूर आहेत, पण कुठे उभं राहायचं याची एकही नाही. त्या आळीत चाळीस मुलं एका वेळी मावतच नाहीत. पुढची दहा दुकानाशी आणि मागची तीस स्कूटरच्या आरशात तोंड बघत, असं झालं. दोन तुकड्या करून अर्धी मुलं कसबा गणपतीला पाठवली असती तर सगळ्यांना दिसलं असतं. शिवाय गाईडने पहिल्या वाक्यात महत्त्वाचं काही बोलूच नये. रांगेचं शेपूट वळणावरून पोहोचेपर्यंत ते वाक्य संपलेलं असतं. हे घरात बसून लिहिणाऱ्याला सुचत नाही. ज्याने एकदा तरी मुलं चालवली आहेत, त्याला पहिल्या थांब्यावरच सुचतं. आणि तांबट आळी शेवटी कधीच नको. उन्हं चढतात, पोरं भुकेली असतात आणि कारागीरही जेवायला उठतो.

जाता जाता दुसरी गोष्ट. अख्ख्या संहितेत स्वच्छतागृहाचा उल्लेख नाही. अकरा वर्षांच्या मुली, दोन-अडीच तास. आमच्या एका मुलीला शेवटी मी माझ्या माहेरच्या ओळखीच्या घरी नेलं. प्रत्येक शाळेसोबत कसब्यात माहेर असलेली आजी असेलच असं नाही.

आणि पत्र छापलंत तर पूर्ण छापा. मागच्या खेपेला माझं पाणीकपातीवरचं पत्र मध्येच असं कापलंत की मी कपातीच्या बाजूची वाटले. जागा कमीच असेल तर भुताचा परिच्छेद कापा, तांबट आळीचा नको. त्या संहितेची दुरुस्त आवृत्ती छापायचा विचार असेल, तर लाल महालाच्या ओळीत १९८८ हा आकडा घाला आणि 'हीच ती खिडकी' काढून टाका. एवढं पुढच्या पुरवणीत सहज होईल.

आपली,
कसबा पेठेची एक माहेरवाशीण, पुणे